गुलाबावरील फुलकिडे

गुलाबाच्या पाकळ्यांवर ओरखडे पाडणारे, कळी वाकडी करणारे आणि कोवळी पाने चुरडणारे सूक्ष्म कीटक. बागाईतदार त्यांना सर्रास ‘थ्रिप्स’ म्हणतात. हा एकच कीटक नसून कीटकांचा एक गण आहे. पूर्ण वाढलेला फुलकिडा साधारण १ मिलिमीटर लांब, सुतासारखा बारीक, पिवळसर किंवा तपकिरी असतो. त्याच्या अरुंद पंखांच्या कडांना केसांची झालर असते. पिल्ले फिकट पिवळी व बिनपंखांची असतात.

गुलाबावर त्यांचे दोन प्रकार ओळखता येतात. काही जाती फुलातच राहतात आणि पाकळ्या व पराग खातात. दुसरा प्रकार कोवळ्या फुटीवर जगणारा. त्यात सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस ही जात मुख्य असून मिरचीवर पाने वरच्या बाजूला वळवून ‘बोकड्या’ आणणारीही हीच. त्यामुळे गच्चीवर मिरचीच्या कुंड्यांशेजारी गुलाब असेल, तर गुलाबाच्या नव्या फुटीबरोबर मिरचीचे शेंडेही तपासावेत. एकीवरून घालवलेली कीड दुसरीवरून परत येते.

ओरखडा कसा पडतो

फुलकिडा पेशीचा वरचा थर खरवडतो, तोंडातील बारीक सोंड आत घालतो आणि रस ओढून घेतो. रिकाम्या पेशीत हवा भरते आणि तो ठिपका आधी चंदेरी दिसतो, मग सुकून तपकिरी होतो. पांढऱ्या, पिवळ्या, फिकट गुलाबी फुलांत पाकळीच्या कडेने तपकिरी रेघा दिसतात. गडद लाल फुलात त्याच रेघा फिकट दिसतात.

कळीचे विद्रूप होणे हा याच क्रियेचा पुढचा भाग. निदले किंचित उघडली की कीड आत शिरते. पाकळी अजून वाढत असते. ओरबाडलेली कड वाढायची थांबते, बाकीची पाकळी वाढत राहते आणि ती आत मुडपते. कळी एका बाजूला कलते, अर्धवट उघडते किंवा न उघडताच तपकिरी पडते. म्हणजे आज उमललेल्या फुलावरचा डाग काही दिवसांपूर्वी, कळी मिटलेली असतानाच पडलेला असतो. तो कोणत्याही फवाऱ्याने जात नाही, आणि तो दिसल्यावर किडा तिथे असेलच असेही नाही. फवारणी करायची की नाही हे डागावरून न ठरवता पुढच्या कळ्यांत जिवंत किडे आहेत का, यावर ठरवावे.

खात्री कशी करावी

सकाळी एक पांढरा जाड कागद घ्यावा. अर्धवट उमललेले फूल त्यावर धरून देठावर बोटाने चार-पाच टिचक्या माराव्यात. पडलेले कण अर्धा मिनिट पाहावेत. परागकण व धूळ जागेवर राहते, फुलकिडे मात्र सरपटू लागतात. दहापट भिंग असल्यास झालर दिसते. अर्धवट उमललेल्या फुलात हलकेच श्वास सोडला तर लपलेले किडे बाहेर येतात, तेही पाहावे.

मिटलेल्या कळीत टिचकीचा उपयोग नाही. रंग दिसू लागलेल्या तीन कळ्या काढून बरणीत साबणाच्या पाण्यात सोलाव्यात, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवाव्यात आणि पाणी पांढऱ्या मलमलीतून गाळावे. कापडावर पिल्ले व मोठे किडे मोजता येतात. पाकळ्यांच्या बुडाशी विष्ठेचे काळे ठिपके सापडले, तर निदान पक्के होते.

इतर कारणेही तपासावीत. पानावर बारीक जाळे असेल तर लाल कोळी. पावसाळ्यात कळी ओली राहून पाकळ्या चिकटल्या आणि त्यावर करडी बुरशी आली, तर दोष ओलाव्याचा. जास्वंदीत गफलत जास्त होते. तिथे कळ्या पिवळ्या पडून गळत असतील, तर गळलेली कळी चिरून पाहावी. आत उड्या मारणाऱ्या पिवळसर अळ्या निघाल्या, तर ती कळीमाशी आहे. फुलकिड्यांनी मुख्यतः पाकळ्यांवर रेघा आणि चुरडलेले शेंडे दिसतात.

निळे चिकट सापळे शेंड्यांच्या उंचीवर टांगून दर आठवड्याला किडे मोजावेत. सापळ्याने कीड आटोक्यात येत नाही, ती वाढते आहे की घटते आहे एवढे कळते.

नियंत्रण

महाराष्ट्रात कोरड्या उन्हाळ्यात, विशेषतः मार्च ते मे या काळात, प्रादुर्भाव वाढतो. जोरदार पावसाने तो बराच धुऊन निघतो. त्यामुळे पहिले काम पाण्याचे आणि कात्रीचे. डागाळलेली फुले, न उघडणाऱ्या कळ्या आणि चुरडलेले शेंडे कापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावेत. झाडाखाली किंवा खतखड्यात टाकू नयेत, तिथून मोठे किडे उडून परत येतात. बऱ्याच जातींचे कोष मातीत व पाचोळ्यात असतात, म्हणून कुंडीतला पाचोळाही काढावा.

फवारणी एकदा करून भागत नाही, याचे कारण जीवनचक्रात आहे. अंडी पानाच्या किंवा पाकळीच्या पेशीत घातलेली असतात, कोष मातीत असतात. दोघांपर्यंत फवारा पोचत नाही. पिल्ले व मोठे किडेच मरतात. उन्हाळ्यात अंड्यापासून मोठा किडा व्हायला साधारण दोन ते अडीच आठवडे लागतात. म्हणून ५ ते ६ दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या कराव्यात, म्हणजे नव्याने निघालेली पिल्ले मोठी होण्याआधी सापडतात.

समजा, एप्रिलमध्ये फिकट गुलाबी फुलांच्या एका कुंडीत टिचकीला आठ-दहा किडे पडले. पहिल्या दिवशी छाटणी करून शेंडे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावेत. संध्याकाळी निंबोळी अर्क फवारावा: ५० ग्रॅम निंबोळी पूड आदल्या रात्री थोड्या पाण्यात भिजवून कापडातून गाळावी, पाणी घालून १ लिटर करावे आणि त्यात २ ग्रॅम साबण विरघळवावा. अर्क त्याच दिवशी वापरावा. कळ्यांची देठे, निदलांच्या खाचा आणि पानांची खालची बाजू ओली झाली पाहिजे. फक्त वरून शिंपडण्याने फवारणी वाया जाते. सहाव्या आणि अकराव्या दिवशी हेच करावे. सोळाव्या दिवशी त्या काळात आलेल्या नव्या कळ्या तपासाव्यात. किडे एक-दोनवर आले असतील तर फवारणी थांबवावी.

संख्या तेवढीच राहिली, तर स्पिनोसॅड ४५ टक्के एससी १ लिटर पाण्याला ०.३ मिली या प्रमाणात वापरता येते, मात्र आधी लेबलावरील पीक व मात्रा वाचावी. ते मधमाश्यांना ओले असताना घातक असल्याने अंधार पडताना फवारावे, आणि उघडी फुले आधी खुडून टाकावीत. तेच औषध सतत वापरले की प्रतिकारक्षम किडे उरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइडचा वारंवार वापरही उलटतो: फुलकिडे खाणारे ओरियस ढेकूण व परभक्षी कोळी मरतात आणि कीड पुन्हा उसळते.

गुलकंदासाठी किंवा खाण्यासाठी पाकळ्या काढायच्या असतील, त्या झाडावर रासायनिक कीटकनाशक फवारू नये. छाटणी व पाणी यांवरच भर द्यावा आणि काही फुले डागाळलेली निघतील हे गृहीत धरावे. पॉलिहाउसमध्ये बारीक जाळी लावल्यास बाहेरून येणारे किडे कमी होतात. पण जाळी बारीक झाली की हवा कमी खेळते आणि आतले तापमान चढते, म्हणून वायुवीजनाचे क्षेत्र त्याप्रमाणे वाढवावे लागते.