डायलिसिसवरच्या मित्रासाठी पिशवीत काय न्यावे?

तासगावकडून सांगलीला आजारी माणसाला भेटायला निघालेल्यांच्या पिशवीत बहुधा दोन शहाळी, अर्धा डझन केळी आणि पाव किलो बेदाणे असतात. बहुतेक आजारांत यात वावगे काही नाही. जुलाबाने थकलेल्या माणसाला, त्याची मूत्रपिंडे नीट काम करत असतील तर, शहाळ्याचे पाणी चांगलेच ठरते. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली असून जो डायलिसिसवर आहे, अशा मित्रासाठी या तिन्ही वस्तू धोक्याच्या ठरू शकतात आणि त्याचे कारण आहे पोटॅशियम.

शरीरातील सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशींबाहेरच्या द्रवात, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात, प्रौढ माणसात मिळून ते जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम भरते. आतल्या आणि बाहेरच्या प्रमाणातील या फरकावरच हृदयाच्या स्नायूंतील विद्युतसंदेश अवलंबून असतात. आहारातून आलेले जादा पोटॅशियम शरीर आधी काही काळ पेशींमध्ये साठवते आणि मग मूत्रपिंडे ते काही तासांत लघवीवाटे बाहेर टाकतात. हा दुसरा मार्ग बंद झाला की पुढच्या डायलिसिसपर्यंत त्यातले बरेचसे शरीरातच राहते.

आता ती पिशवी मोजून पाहू. शहाळ्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात अंदाजे 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे 300 मिलिलिटर पाणी निघणाऱ्या एका शहाळ्यातून 600 ते 750 मिलिग्रॅम. एका मध्यम केळ्यातून साडेतीनशे ते चारशे. बेदाण्यांचा हिशेब तर आपल्या भागातल्या कोणत्याही बागायतदाराला चटकन पटेल. साधारण चार किलो द्राक्षे वाळली की एक किलो बेदाणा होतो. वाळताना पाणी उडून जाते, पोटॅशियम मात्र उडत नाही. त्यामुळे 100 ग्रॅम द्राक्षांत 190 मिलिग्रॅमच्या आसपास असलेले पोटॅशियम तेवढ्याच वजनाच्या बेदाण्यात साडेसातशेच्या घरात जाते आणि 40 ग्रॅमच्या एका मुठीतून 300 मिलिग्रॅम पोटात जातात. आग्रहाखातर मित्राने एक शहाळे, एक केळे आणि मूठभर बेदाणे घेतले, तर अर्ध्या तासात 1300 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम पोटात गेले. अशा रुग्णांना दिवसभरासाठी साधारण 2000 ते 2500 मिलिग्रॅमची मर्यादा आखून दिलेली असते, आणि त्यात घरचा भात, भाजी आणि आमटीही बसवायची असते.

भेटीचा वारही महत्त्वाचा असतो. मित्राचे डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी होत असेल आणि आपण सवडीने रविवारी गेलो, तर शुक्रवार ते मंगळवार या आठवड्यातल्या सर्वांत लांब अंतराच्या मधोमध आपण जातो. पोटॅशियम वाढल्याचे माणसाला पुष्कळदा जाणवतही नाही. कधी पायांत अशक्तपणा येतो, कधी नाडी मंदावते आणि कधी कोणतीही पूर्वसूचना न देता हृदयाची लय बिघडते. खात्री रक्ततपासणीनेच होते (रक्तात लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल ही सर्वसाधारण पातळी मानली जाते), आणि हृदयावरचा परिणाम ईसीजीत दिसू शकतो. म्हणून ‘खाल्ले तेव्हा काही झाले नाही’ हा पुरावा मला मुळीच पुरेसा वाटत नाही.

मग काय न्यावे? साल काढलेल्या सफरचंदाच्या किंवा अननसाच्या थोड्या फोडी नेता येतील, कारण या फळांच्या 100 ग्रॅममध्ये पोटॅशियम सुमारे 100 ते 110 मिलिग्रॅमच असते. अर्थात ढीगभर सफरचंदे खाल्ली तर हा फायदा उरत नाही. घरची बटाट्याची भाजी न्यायची असेल, तर बटाटे सोलून, लहान फोडी करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे आणि मगच फोडणी घालावी. यामुळे जवळपास निम्मे पोटॅशियम निघून जाते. रात्रभर नुसते भिजवून ठेवल्याने मात्र फारसे निघत नाही, कारण पेशींच्या भिंती उष्णतेनेच सैल होतात. मीठ नेहमीचेच, पण बेताने घालावे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. सांगलीचे भडंगही टाळलेले बरे. त्यातल्या मिठाने तहान लागते, आणि या मित्राला दिवसाचे पाणीही मोजूनच प्यायचे असते.

सर्वच रुग्णांना एकच पथ्य लागू होत नाही. पोटावाटे डायलिसिस घेणाऱ्या काहींचे पोटॅशियम उलट कमी असते, तर रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ते आणखी वाढते. म्हणून निघण्यापूर्वी वहिनींना फोन करून शेवटच्या तपासणीत पोटॅशियम किती होते, पुढचे डायलिसिस कोणत्या वारी आहे आणि आहारतज्ज्ञांनी कोणती फळे चालतील असे सांगितले आहे, एवढे विचारून घ्यावे. बेदाणे घेतलेच असतील, तर ते घरातल्या मुलांच्या हाती द्यावेत आणि तसे वहिनींना स्पष्ट सांगावे.