डावीकडचं उत्तर: MATCH चा आकडा आणि INDEX चा विश्वास

एक्सेलमध्ये मूलद्रव्यांची छोटी यादी केली आहे असं धरा. पहिल्या ओळीत शीर्षकं आणि खाली सात ओळी. नावं अकारविल्हे लावलेली असल्यामुळे अणुक्रमांकांना मात्र काही क्रम उरलेला नाही.

| ओळ | A: नाव | B: संज्ञा | C: अणुक्रमांक |
|---|---|---|---|
| 2 | कार्बन | C | 6 |
| 3 | चांदी | Ag | 47 |
| 4 | तांबे | Cu | 29 |
| 5 | नायट्रोजन | N | 7 |
| 6 | लोह | Fe | 26 |
| 7 | सोने | Au | 79 |
| 8 | हायड्रोजन | H | 1 |

नावावरून अणुक्रमांक काढायचा असेल तर VLOOKUP पुरतं. उलटा प्रश्न आला की ते अडतं: अणुक्रमांक 26 कोणाचा? VLOOKUP दिलेल्या रेंजच्या पहिल्याच कॉलममध्ये शोधतं आणि उत्तर त्याच कॉलममधून किंवा त्याच्या उजवीकडून आणतं. आपल्याला शोधायचं आहे C मध्ये आणि उत्तर हवं आहे A मधलं. कॉलमच्या क्रमांकाच्या जागी -1 लिहून बघण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यावर #VALUE! एवढंच मिळतं. मग लोक C कॉलम उचलून डावीकडे नेऊन ठेवतात. यादी स्वतःची असेल तर तेही चालेल. ती दर महिन्याला दुसऱ्याकडून येत असेल तर ही हलवाहलव दर महिन्याची होते.

INDEX आणि MATCH ही जोडी हे काम दोन तुकड्यांत करते. आधी MATCH कडे बघू.

```
=MATCH(26, C2:C8, 0)
```

याचं उत्तर 5 येतं. 26 हा आकडा शीटच्या सहाव्या ओळीत आहे, पण MATCH शीटची ओळ सांगत नाही. C2 पासून मोजायला लागल्यावर कितवा, एवढंच ते सांगतं. हा 5 कुठल्या कॉलममधून आला, मोजणी कुठून सुरू झाली, यातलं काहीही त्या आकड्यासोबत येत नाही. तो उघडाबोडका 5 असतो.

INDEX ला असाच आकडा लागतो.

```
=INDEX(A2:A8, 5)
```

A2 पासून पाचवा सेल म्हणजे A6, आणि तिथे आहे लोह. INDEX काहीच शोधत नाही. सांगितलेल्या रेंजमध्ये सांगितलेल्या जागेवर जाऊन जे असेल ते आणून देतं. आता 5 च्या जागी MATCH चा फॉर्म्युला ठेवला की काम झालं. शोधायचा अणुक्रमांक E2 मध्ये लिहिला आहे असं समजू:

```
=INDEX($A$2:$A$8, MATCH(E2, $C$2:$C$8, 0))
```

शोधायचा कॉलम आणि उत्तराचा कॉलम वेगवेगळे सांगितलेले असल्यामुळे डावं-उजवं हा प्रश्नच उरत नाही. आणखी एक फायदा आहे, जो सुरुवातीला कोणी मोजत नाही. उद्या कोणी B आणि C च्या मध्ये नवा कॉलम घातला तर या फॉर्म्युलातला C आपोआप D होतो. VLOOKUP मध्ये कॉलमचा क्रमांक म्हणून हाताने लिहिलेला 3 मात्र 3 च राहतो आणि नव्या कॉलममधलं काहीतरी दाखवू लागतो.

पण दोन फंक्शनांमधला दुवा म्हणजे तो एकटा आकडा. या जोडीतल्या बहुतेक गफलती तिथूनच निघतात, आणि त्यातल्या काही कसलीही एरर न दाखवता निघतात. समजा घाईत A ची रेंज शीर्षकापासून निवडली गेली आणि C ची नेहमीप्रमाणे:

```
=INDEX(A1:A8, MATCH(26, C2:C8, 0))
```

MATCH ने बरोबर 5 दिला. INDEX ने A1 पासून पाच मोजले आणि A5 मधलं नायट्रोजन आणून ठेवलं. उत्तर तर आलं, दिसायलाही मूलद्रव्याचंच नाव आहे, आणि ते साफ चूक आहे. एक्सेल इथे तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही फंक्शनांनी आपापलं काम चोख केलं आहे. ही गफलत पकडायची युक्ती म्हणजे यादीतली पहिली नोंद विचारून बघणं. 6 विचारला की कार्बनऐवजी चक्क ‘नाव’ हे शीर्षक उत्तर म्हणून येतं. दोन्ही रेंजा एकाच ओळीत सुरू होऊन एकाच ओळीत संपल्या पाहिजेत. हे जमत नसेल तर A:A आणि C:C असे सबंध कॉलम देणं सोपं पडतं, कारण मग दोन्हीकडची मोजणी पहिल्या ओळीपासूनच होते.

आधीच्या E2 वाल्या फॉर्म्युलातली डॉलरची चिन्हं काढून तो खाली ओढला तर काय होतं, हेही बघण्यासारखं आहे. पुढच्या ओळीत दोन्ही रेंजा एकेक ओळ खाली सरकतात: A3:A9 आणि C3:C9. दोघी बरोबरीने सरकल्यामुळे जे सापडतं ते बरोबरच सापडतं. पण कार्बन आता रेंजच्या बाहेर गेला. तिथे 6 विचारला तर #N/A. जितकं खाली ओढावं तितक्या वरच्या नोंदी गायब होत जातात. निकालाच्या कॉलममध्ये वरती सगळं ठीक आणि खाली जाता जाता #N/A वाढत चालले असतील, तर आधी डॉलर तपासावेत. फॉर्म्युला लिहिताना त्यातली सबंध रेंज निवडून F4 दाबलं की ते लागतात.

आता MATCH मधला शेवटचा शून्य. तो गाळला तर एक्सेल तिथे 1 धरतं, आणि 1 चा अर्थ ‘यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे, तेव्हा बरोबर तोच आकडा नसेल तर त्याच्याहून लहान असलेल्यांपैकी सर्वांत मोठा दे’ असा होतो. कराचे टप्पे किंवा गुणांवरून श्रेणी काढायची असेल तेव्हा हेच हवं असतं. आपल्या यादीला मात्र चढता क्रम नाही.

क्रम आहे असं गृहीत धरल्यावर एक्सेल एकेक सेल बघत बसत नाही. ते यादीच्या मधोमध जातं. तिथला आकडा हव्या असलेल्या आकड्याहून लहान असेल तर वरचा अर्धा भाग सोडून देतं, मोठा असेल तर खालचा. उरलेल्या भागाच्या मध्यावर पुन्हा तेच. संगणकशास्त्रात याला द्विभाजन शोध म्हणतात, आणि तो अतिशय वेगवान असतो: एक्सेलच्या शीटमध्ये जास्तीत जास्त 10,48,576 ओळी मावतात, आणि तेवढी यादीसुद्धा सुमारे 20 तुलनांत संपते. पण हा सगळा वेग क्रमाच्या जिवावर आहे.

आपल्या C कॉलममध्ये वरून खाली 6, 47, 29, 7, 26, 79, 1 असे आकडे आहेत. शून्य गाळून 47 विचारू. मधला, म्हणजे चौथा आकडा 7. तो 47 पेक्षा लहान, म्हणून वरचा भाग बाद. खरा 47 वर दुसऱ्या जागी बसला आहे, पण तिकडे आता कोणी बघणार नाही. उरले 26, 79 आणि 1. त्यांच्या मधला 79, तो मोठा, म्हणून खालचा 1 बाद. राहिला 26. तो 47 हून लहान आहे, तेव्हा ‘लहानांपैकी सर्वांत मोठा’ म्हणून त्याचीच जागा परत येते: 5. INDEX मुकाट्याने लोह आणून देतं. चांदी विचारली आणि लोह मिळालं.

गंमत अशी की याच बिघडलेल्या फॉर्म्युलाला 26 विचारला तर उत्तर लोह, म्हणजे बरोबर. 7, 6 आणि 79 हेही बरोबर येतात, कारण त्यांच्याकडे जाणारी वाट योगायोगाने शाबूत आहे. 29 ला पुन्हा लोह मिळतं. आणि 1 विचारला तर हायड्रोजन शेवटच्या ओळीत डोळ्यांसमोर असताना #N/A. सातपैकी चार बरोबर, दोन चुकीची, एक बेपत्ता. अशा फॉर्म्युलाची एक-दोन ठिकाणी चाचणी घेऊन तो चालतो म्हणणारा माणूस निष्काळजी असेलच असं नाही, त्याने नेमके ते चार विचारलेले असू शकतात. माझं मत विचाराल तर एक्सेलने इथे न सांगता 1 धरणं हाच मुळात चुकीचा निर्णय आहे. (VLOOKUP मध्येही शेवटचं FALSE गाळलं की अगदी हेच होतं.) दुसऱ्याची फाइल हातात आली की मी MATCH चा कंस कुठे बंद होतो ते आधी बघतो. त्याच्या आत शेवटी शून्य नसेल तर बाकीचे आकडे वाचण्याची घाई करत नाही.

2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेलं XLOOKUP ही भानगड मिटवतं. ते मुळातच तंतोतंत जुळणारा आकडा शोधतं आणि डावीकडचं उत्तरही देतं:

```
=XLOOKUP(E2, $C$2:$C$8, $A$2:$A$8)
```

तुमच्याकडे मायक्रोसॉफ्ट 365 किंवा एक्सेल 2021 आणि त्यापुढची आवृत्ती असेल तर हेच वापरावं. पण ती फाइल 2016 किंवा 2019 वर काम करणाऱ्याकडे गेली की फॉर्म्युला पुन्हा मोजला जाताच #NAME? दिसू लागतं. फाइल कुठे कुठे फिरणार हे ठाऊक नसेल तोवर जुनी जोडीच बरी.

शून्य लावलेला, रेंजा जुळलेल्या, डॉलर जागेवर, तरीही #N/A येतो असा एक प्रसंग हमखास येतो. C मध्ये 26 स्वच्छ दिसतो आहे आणि MATCH म्हणतं की तो नाहीच. बहुतेक वेळा कारण असं असतं की दोघांपैकी एक 26 अंक आहे आणि दुसरा मजकूर. दुसऱ्या प्रणालीतून उतरवून घेतलेल्या याद्यांमध्ये हे सर्रास घडतं. डोळ्याला फरक कळत नाही, पण MATCH च्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या सेलमध्ये हे दोन फॉर्म्युले लिहून बघा:

```
=ISNUMBER(E2)
=ISNUMBER(C6)
```

एकाचं उत्तर TRUE आणि दुसऱ्याचं FALSE आलं की चोर सापडला. E2 मजकूर असेल तर MATCH मध्ये E2 च्या जागी VALUE(E2) लिहिलं की पुरे. C मधले आकडे मजकूर असतील तर तो कॉलम निवडून डेटा टॅबमधल्या Text to Columns वर जा आणि काहीही न बदलता Finish दाबा. तेवढ्याने आकड्यांसारखा दिसणारा मजकूर सहसा खरोखरच आकडे होतो. आणि हे सगळं तपासून होईपर्यंत फॉर्म्युलाभोवती IFERROR गुंडाळून एरर झाकू नका. नोंद खरोखरच नसेल तेव्हा रिकामं दाखवायचं असेल तर IFNA वापरा. ते फक्त #N/A झाकतं, रेंज बिघडल्यावर येणारा #REF! तसाच दिसत राहतो.