ॲल्युमिनियमच्या आरशात दिसणारी फट

"सर, धातूतल्या इलेक्ट्रॉनांवर आयनांची ओढ इतकी कमजोर आहे, तर त्यांच्या ऊर्जेत फट, म्हणजे कुणालाच न मिळणाऱ्या ऊर्जांचा पट्टा, पडतेच कशी?" नागपुरातल्या आमच्या बीएस्सीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि मला तो फार आवडतो. शहराला लागून असलेल्या वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी संस्था आहे, म्हणून मीही उत्तर ॲल्युमिनियमवरच देतो.

या धातूत प्रत्येक अणूचे तीन इलेक्ट्रॉन मोकळे हिंडतात आणि मागे धन आयन उरतो. इलेक्ट्रॉन म्हणजे लहर, आणि वाटेतला अणूंचा प्रत्येक थर तिचा थोडासा भाग मागे परतवतो. एरवी या परतलेल्या लहरी पुढेमागे पडतात आणि एकमेकींना खोडतात. म्हणून बहुतेक इलेक्ट्रॉनांना अणूंची जाळी जवळजवळ जाणवतच नाही.

आता स्फटिकाच्या घनाकृती घटकाच्या बाजूला समांतर असलेले थर घ्या. त्यांच्यात २.०२ अँगस्ट्रॉम अंतर आहे. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी याच्या बरोबर दुप्पट झाली, की पुढच्या थरावरून परतणारी लहर जाऊन-येऊन नेमकी एक तरंगलांबी जास्त चालते. सगळ्या थरांचे परतावे एका तालात येतात. थरांमधलं अंतर d धरलं, तर ही तरंगांक k = π/d ची जागा. परतावे असे तालात येतात त्या जागेला ब्रिलुआँ क्षेत्राची सीमा म्हणतात.

इथे जाणारी आणि परतणारी लहर सारख्याच ऊर्जेच्या, सुमारे ९.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या. त्या मिसळून स्थिर तरंग तयार होतो. वर्गात मी खिडकीच्या गजाला दोरी बांधून तो दाखवतो: काही ठिकाणी दोरी जोरात हलते, काही ठिकाणी ढिम्म. स्फटिकात अशा तरंगाला दोनच बैठका सापडतात. एकीत इलेक्ट्रॉनची दाटी धन आयनांवर होते. दुसरीत दाटी दोन थरांच्या मधोमध होते. आयनांचा परिणाम दोन्हींवर वेगवेगळा होतो, म्हणून एकीची ऊर्जा उतरते आणि दुसरीची चढते. फरक सुमारे १.५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. मधल्या ऊर्जेची लहर त्या दिशेने धातूत चालूच शकत नाही. ओढ कमजोरच आहे, पण दोन्ही लहरींची ऊर्जा सारखी असल्यामुळे तेवढीही पुरते.

मग ॲल्युमिनियम वीजरोधक का होत नाही? कारण वेगवेगळ्या दिशांना सीमा वेगवेगळ्या ऊर्जेवर लागते. एका दिशेची फट दुसऱ्या दिशेच्या अवस्थांनी झाकली जाते.

तरी ती फट दिसते, आणि साध्या आरशात दिसते. सीमेच्या त्या सपाट पृष्ठावर फटीची रुंदी जवळपास सगळीकडे सारखी आहे, त्यामुळे असंख्य इलेक्ट्रॉन एकाच ऊर्जेचा प्रकाश गिळून खालून वर उडी मारतात. १.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे साधारण ८२५ नॅनोमीटर, लाल रंगाच्या जरा पलीकडे. दुर्बिणीच्या ॲल्युमिनियम चढवलेल्या आरशाचं परावर्तन मोजलं, तर ९० टक्क्यांच्या आसपास चालणारी रेषा इथे ८७ टक्क्यांपर्यंत खचते. चांदीच्या आरशात हा खळगा नसतो. आणि ॲल्युमिनियम वितळवलं, की थर विस्कटतात, परतावे ताल सोडतात आणि खळगाही नाहीसा होतो.