पर्यवेक्षण-नोंदीतील ‘तडा’ आणि ‘सांधणी’ या रकान्यांची पार्श्वभूमी

मानसोपचार शिकणाऱ्या प्रशिक्षणार्थींसाठी आम्ही सोलापुरात जो नोंद-नमुना वापरतो, त्यात चार मुख्य रकाने आहेत. उपचारसंबंधात कुठे तडा गेला, थेरपिस्टने तो सांधण्यासाठी काय केले, त्यानंतर क्लायंट नेमके काय म्हणाला किंवा त्याने काय केले, आणि यावरून पुढे काय शिकायचे ठरले. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळे कशासाठी, असा प्रश्न बहुतेक नवे प्रशिक्षणार्थी विचारतात. त्याचे उत्तर पर्यवेक्षणाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे, म्हणून हे टिपण.

पर्यवेक्षण हा प्रशिक्षणाचा सक्तीचा भाग झाला तो बर्लिनमध्ये. तेथील मनोविश्लेषण चिकित्सालय 1920 मध्ये सुरू झाले आणि माक्स आइटिंगोन यांच्या पुढाकाराने शिकाऊ विश्लेषकाने आपले काम अनुभवी विश्लेषकासमोर नियमितपणे मांडण्याची पद्धत रुजली. ही मांडणी आठवणीतून होत असे. आठवण मात्र सोयीने निवड करते, आणि जिथे आपण अडखळलो तोच क्षण तिच्यातून आधी गळतो. कार्ल रॉजर्स यांनी 1942 मध्ये एका संपूर्ण उपचाराचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला शब्दशः मजकूर आपल्या पुस्तकात छापला, तेव्हा सत्रात काय झाले आणि थेरपिस्टला काय झाल्यासारखे वाटले यांतील अंतर सर्वांना वाचता येऊ लागले. आमच्या नमुन्यात तड्याच्या आसपासच्या सहा ते आठ ओळी संवादाच्या रूपात लिहायला सांगितले आहे, ते या कारणाने. ‘क्लायंट थोडा नाराज वाटला’ या वाक्यावर पर्यवेक्षकाला काहीच काम करता येत नाही.

उपचारसंबंध ही कल्पनाही मनोविश्लेषणातूनच आली. फ्रॉइड यांनी 1912 मध्ये रुग्णाच्या थेरपिस्टविषयीच्या त्या आपुलकीचा उल्लेख केला, जिच्यामुळे तो अवघड काम करत राहतो. पुढे एलिझाबेथ झेट्झेल आणि राल्फ ग्रीन्सन यांनी तिला स्वतंत्र नाव व स्थान दिले. परंतु आज सर्व पद्धतींचे थेरपिस्ट जी मांडणी वापरतात ती एडवर्ड बॉर्डिन यांची, 1979 ची. त्यांनी संबंधाचे तीन घटक सांगितले: कशासाठी भेटतो आहोत यावर एकमत, त्यासाठी सत्रात आणि घरी काय करायचे यावर एकमत, आणि दोघांमधील विश्वासाचा बंध. या मांडणीमुळे तडा म्हणजे केवळ मनातली कटुता, हा समज मागे पडला. बंध शाबूत असताना कामाविषयीचे एकमत तुटू शकते, आणि थेरपिस्टवर माया असल्यामुळेच क्लायंट ते बोलून दाखवत नाही, असेही घडते. म्हणून नमुन्यात तड्याच्या रकान्यातच ‘उद्दिष्ट, काम की बंध’ अशी खूण करायची जागा आहे.

तड्यांचा पद्धतशीर अभ्यास केला तो जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन यांनी, प्रामुख्याने न्यूयॉर्कमध्ये, 1990 च्या दशकात. त्यांनी तड्यांचे दोन ढोबळ प्रकार मानले. एका प्रकारात क्लायंट समोरासमोर तक्रार करतो, चिडतो, थेरपिस्टच्या कुवतीवर बोट ठेवतो. दुसऱ्या प्रकारात तो माघार घेतो: उत्तरे तोकडी होतात, विषय बदलतो, किंवा मनात नसताना होकार भरला जातो. सामोऱ्या तड्याची नोंद प्रशिक्षणार्थी आपणहून करतात, कारण तो लागतो. माघारीचा तडा मात्र नोंदीत बऱ्याचदा ‘सत्र चांगले झाले’ या शब्दांत दडलेला सापडतो. कॅनडातील डेव्हिड रेनी यांनी क्लायंटना त्यांच्याच सत्राचे मुद्रण ऐकवून मनात काय चालले होते ते विचारले, तेव्हा थेरपिस्टचा मान राखण्यासाठी मतभेद गिळण्याची सवय ठळकपणे पुढे आली. ती माणसे कॅनडातली होती. डॉक्टर, मास्तर आणि मॅडम यांच्यासमोर ‘नाही’ न म्हणण्याचा संस्कार असलेल्या आपल्या भागात या निष्कर्षाने कुणाला नवल वाटू नये.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याकडे येऊ. लुई कॅस्टनगे व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये नैराश्यासाठी बोधात्मक, म्हणजे चुकीचे विचार तपासून बदलण्याचे, उपचार घेणाऱ्या 30 जणांच्या सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संबंध चांगला असणे सुधारणेशी जोडलेले दिसले, हे अपेक्षित होते. अनपेक्षित होते ते असे की, विचारांतील विकृतीच्या परिणामांवर थेरपिस्टने दिलेला अधिक भर कमी सुधारणेशी जोडलेला निघाला. सत्रे बारकाईने पाहिल्यावर त्याचा एक संभाव्य उलगडा झाला. क्लायंट नाखूश झाला की काही थेरपिस्ट त्या नाखुशीविषयी न बोलता उपचारतंत्राची बाजू पुन्हा आणि अधिक जोराने समजावत, किंवा ती नाखुशीच चुकीच्या विचाराचा पुरावा मानत. त्यामुळे ताण वाढत जाई. अभ्यास लहान होता आणि सहसंबंधावर उभा होता, तेव्हा त्याला कार्यकारणाचा पुरावा समजू नये. पण ज्याला थेरपिस्ट ‘सांधणी’ म्हणतो तीच गोष्ट तडा रुंदावू शकते, हे त्यातून शिकायला मिळाले. सांधणी झाली की नाही हे थेरपिस्टच्या हेतूवरून ठरत नाही. ते क्लायंटच्या पुढच्या वाक्यावरून ठरते. दोन रकाने वेगळे झाले ते म्हणून.

एक उदाहरण नमुन्यात भरून पाहू. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. या कामात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून रचले आहे. पूर्व भागात राहणारे, टॉवेलच्या यंत्रमागावर काम करणारे चाळिशीचे गृहस्थ काळजी आणि झोप न लागणे यांसाठी येतात. घरची भाषा तेलुगू, बाहेर मराठी. प्रशिक्षणार्थी त्यांना विचारांची वही देते: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, पर्यायी विचार. पाचव्या सत्रातही वही कोरीच असते. संवाद असा नोंदवला आहे:

थेरपिस्ट: वही राहिली का या वेळीही?
क्लायंट: हो मॅडम, राहिलीच. लिहितो आता.
थेरपिस्ट: विचार लिहिले की ते आपल्याला बाहेरून तपासता येतात. म्हणून लिहिणं महत्त्वाचं आहे.
क्लायंट: बरोबर आहे मॅडम. तुम्ही सांगाल तसं करू.
(भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात.)

पहिल्या मसुद्यात प्रशिक्षणार्थी लिहिते: ‘गृहपाठाचे महत्त्व पटवून दिले, क्लायंटने मान्य केले.’ नमुन्याप्रमाणे भरले की चित्र पालटते. तडा: माघारीचा, ‘काम’ या घटकातला. खूण: तिसऱ्यांदा कोरी वही, लगेच आलेला होकार, घड्याळाकडे नजर. सांधणीचा प्रयत्न: तंत्राचे कारण पुन्हा सांगितले. त्यानंतर क्लायंट: होकार, नवी माहिती काही नाही, पुढची भेट रद्द. या तिसऱ्या रकान्यात क्लायंटने आपणहून काही सांगितले असेल, हरकत घेतली असेल किंवा काही मागितले असेल, तर सांधा बसू लागला असे समजायला जागा असते. नुसता ‘हो’ तिथे पुरावा धरायचा नाही.

त्यानंतरच्या सत्रात प्रशिक्षणार्थी म्हणते, “वहीचा आग्रह मी जरा जास्तच धरला असं मला वाटतंय. तुम्हाला ते काम कसं वाटलं, ते सांगाल का? नको वाटलं असेल तरी चालेल.” थोडे थांबून ते सांगतात की शाळा तेलुगू माध्यमात झाली, मराठी बोलता येते पण लिहायचे म्हटले की लाज वाटते, शिवाय रात्रपाळीहून आल्यावर घरात वही उघडली की बायको काय लिहिता म्हणून विचारते. आता तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखे काहीतरी आहे. काम बदलते: वहीऐवजी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे बोलणे, तेलुगूत, कामावरून परतताना. लक्षात घेण्याजोगे असे की थेरपिस्टने आपला वाटा आधी मान्य केला आणि मग प्रश्न विचारला. ‘तुम्ही वही का लिहीत नाही?’ असे विचारले असते, तर बहुधा पुन्हा ‘लिहितो मॅडम’ हेच उत्तर आले असते.

चौथ्या रकान्यात, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टात, बहुतेक जण ‘संबंध सुधारणे’ किंवा ‘अधिक सहृदय होणे’ असे लिहितात. ते परत पाठवावे. उद्दिष्ट मुद्रणात ऐकू येईल असे हवे: ‘क्लायंट लगेच होकार देईल तेव्हा कारण समजावण्याआधी थांबेन आणि त्याला ते काम कसे वाटते हे एका वाक्यात विचारीन; पुढील तीन सत्रांत असे क्षण शोधून आणीन.’ एका वेळी एकच उद्दिष्ट पुरे.

नमुन्याच्या तळाशी एक छोटा चौकोन आहे, जो कित्येकदा रिकामा येतो: ‘या पर्यवेक्षणात काय बोलायचे राहिले?’ हॅरोल्ड सर्ल्स यांनी 1955 मध्ये आणि रुडॉल्फ एकस्टाइन व रॉबर्ट वॉलरस्टाइन यांनी 1958 मध्ये दाखवून दिले की क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यात जे चालते ते थेरपिस्ट आणि पर्यवेक्षक यांच्यातही उमटते. बॉर्डिन यांनी 1983 मध्ये आपले तीन घटक पर्यवेक्षणालाही लावले. आणि निकोलस लडानी व सहकाऱ्यांच्या 1996 च्या अभ्यासात 108 प्रशिक्षणार्थींपैकी जवळपास 97 टक्क्यांनी पर्यवेक्षकापासून काही ना काही लपवल्याचे सांगितले. बहुतेक वेळा ती पर्यवेक्षकाविषयीचीच नकारात्मक प्रतिक्रिया होती. वरच्या उदाहरणातील प्रशिक्षणार्थीने पर्यवेक्षकाच्या प्रत्येक सूचनेला ‘हो मॅडम’ म्हटले असेल, तर तीही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे, आणि ती काढण्याची जबाबदारी पर्यवेक्षकाची. ज्याच्या हाती गुण आहेत त्यानेच आधी विचारायला हवे.

प्रत्येक गैरहजेरी तडा नसते, हे इथे सांगितले पाहिजे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत भेटी चुकतात, कारखान्यात पाळी बदलली की चुकतात. त्याच काळात क्लायंटच्या बोलण्यातही फरक पडला असेल, तरच खूण करावी. शंका असेल तिथे ‘शक्यता’ लिहून पुढच्या सत्रात क्लायंटलाच विचारावे. तडे हुडकण्याच्या नादात धड चाललेले सत्र खणून काढणारे प्रशिक्षणार्थीही असतात.

ही नोंद क्लायंटच्या उपचारपत्रात लावायची नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 नुसार माहितीच्या गोपनीयतेचा हक्क क्लायंटचा आहे, म्हणून नोंदीत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो. पेठ, कारखाना आणि आडनाव ही तिन्ही एकत्र आली की सोलापुरात माणूस ओळखू येतो, तेव्हा त्यांतले एकही लिहू नये. मुद्रणासाठी लेखी संमती आधी घ्यावी. क्लायंटचे तेलुगू किंवा कन्नड वाक्य त्याच शब्दांत देवनागरीत उतरवावे आणि मराठी अर्थ खाली द्यावा, कारण होकारातला सूर अनुवादात बहुधा हरवतो आणि पर्यवेक्षकाला तोच ऐकायचा असतो.