जे सांगितलं नाही, तेच अडॅप्टर शिकतो

चित्रं बनवणाऱ्या मॉडेलकडून एकच पोशाख दहा चित्रांत सारखा काढून घ्यायचा, तर बरेच जण वर्णन वाढवत जातात. ‘गडद निळा कोट, पांढरा धावदोरा, पाच तांब्याची बटणं, तिरकी पट्टी’ असं कितीही लांबवलं, तरी दर वेळी वेगळाच कोट येतो. शब्दांत मावतं त्यापेक्षा कपड्यात बरंच जास्त असतं. धावदोऱ्याचा टाका केवढा, दोन टाक्यांत अंतर किती, कापडाचा निळा जांभळ्याकडे झुकतो की काळ्याकडे, हे मॉडेल दर वेळी नव्याने ठरवतं. मग ‘लकी’ सीड जपून ठेवणं किंवा प्रॉम्प्टच्या शेवटी ‘मास्टरपीस’ लिहिणं असले तोडगे सुरू होतात. मॉडेल चित्राची सुरुवात विस्कळीत ठिपक्यांपासून, म्हणजे खरखरीपासून करतं; सीड म्हणजे फक्त ती खरखर कुठली घ्यायची याचा क्रमांक. चित्रातली माणसाची बैठक बदलली की तोच सीड वेगळा कोट देतो.

खरा उपाय म्हणजे त्या कपड्यांच्या फोटोंवर एक छोटा अडॅप्टर, म्हणजे मूळ मॉडेलला वरून जोडायचा भाग, शिकवणं. यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत लोरा. ती 2021 मध्ये भाषेच्या मॉडेलांसाठी मांडली गेली आणि पुढे चित्रांच्या मॉडेलांत आली. कल्पना शिंप्याच्या कच्च्या दोऱ्यासारखी आहे: शिवलेला कपडा न उसवता वरून टाके घालून त्याचा आकार बदलायचा, नको झाले की टाके ओढून काढायचे. मूळ मॉडेलमधली आकड्यांची कोष्टकं गोठवून ठेवतात. SDXL या चित्रांच्या मॉडेलमध्ये अशी अनेक कोष्टकं 1280 ओळी आणि 1280 स्तंभांची आहेत, म्हणजे एकेकात 16 लाखांहून जास्त आकडे. त्यांच्या शेजारी लोरा दोन अरुंद कोष्टकं ठेवतो, एक 1280 × 16 आणि दुसरं 16 × 1280. दोन्ही मिळून 40,960 आकडे, म्हणजे मूळच्या अडीच टक्के. त्यांचा गुणाकार मोठ्या कोष्टकात मिळवला की मॉडेलचं वागणं थोडं कलतं. एवढंसं पुरतं, कारण कोट, दोरा, तांबं हे सगळं मॉडेलला आधीच माहीत असतं. आपल्याला त्याचा कल फक्त मोजक्या दिशांना वळवायचा असतो.

आता एक संग्रह घेऊ. कोट, स्कर्ट, शर्ट आणि पँट असे चार कपडे. चौघांचं रूप एकच: गडद निळं कापड, शिवणीवर जाड पांढरा धावदोरा, तांब्याची बटणं. प्रत्येकाचे सहा फोटो, एकूण 24. सहापैकी चार पूर्ण किंवा अर्ध्या उंचीचे आणि दोन अगदी जवळून, बाहीची शिवण किंवा बटणपट्टी दाखवणारे. जवळच्या फोटोंचं कारण पक्कं आहे. SDXL 1024 पिक्सेलचं चित्र आतल्या आत 128 × 128 घरांत आखडून घेतं, म्हणजे एका घरात 8 × 8 पिक्सेल. पूर्ण उंचीच्या फोटोत टाका दोन-तीन पिक्सेलांचा असेल, तर त्या आखडण्यात तो धूसर होतो आणि अडॅप्टरला शिकायला काही उरत नाही.

यानंतरचं काम म्हणजे प्रत्येक फोटोचं कॅप्शन. बहुतेकांचा अडॅप्टर इथेच फसतो. कोटाच्या एका फोटोला असं कॅप्शन द्यायचं:

```
nilkvz coat, woman sitting on stone steps, side view, evening light
```

`nilkvz` हा मुद्दाम निरर्थक ठेवलेला शब्द चोवीसही कॅप्शनांत पहिला येतो. निळा रंग, धावदोरा आणि बटणं यांचा उल्लेख मात्र एकाही कॅप्शनमध्ये नाही. हे उलटं वाटतं: जे शिकवायचं त्याचंच नाव का घ्यायचं नाही?

शिकताना काय होतं ते पाहा. फोटोवर खरखर मिसळतात आणि कॅप्शनच्या आधाराने ती कोणती, हे मॉडेलला ओळखायला सांगतात. चूक होईल तेवढी अडॅप्टरच्या आकड्यांत दुरुस्ती होते. दगडी पायऱ्या आणि संध्याकाळचा उजेड मॉडेलला माहीत आहेत. ते शब्द कॅप्शनमध्ये दिसले की तो भाग त्याला बराचसा जमतो, चूक कमी राहते. धावदोऱ्याचा भाग मात्र शब्दांतून कळत नाही, म्हणून तिथली चूक टिकते आणि दुरुस्ती तिथे होत राहते. ही दुरुस्ती ज्याच्याशी जोडता येईल असा सगळ्या फोटोंतला एकच सामाईक शब्द म्हणजे `nilkvz`. ‘पांढरा धावदोरा’ असं लिहिलं असतं, तर श्रेयाचा मोठा वाटा त्या शब्दांकडे गेला असता आणि पुढे ते शब्द न लिहिता दोरा नीट आला नसता. कपड्याचा प्रकार मात्र लिहायचाच, कारण तो बदलता राहायला हवा. `coat` न लिहिल्यास स्कर्ट मागितल्यावरही कोट डोकावतो.

हाच नियम उलटतोही. चोवीसही फोटो पांढऱ्या भिंतीसमोर आणि एकाच व्यक्तीवर काढलेले असतील, तर भिंत आणि चेहरा हेही ‘न सांगितलेलं आणि कायम असलेलं’ ठरतात. मग समुद्रकिनारा मागा, मागे पांढरी भिंत येते. कॅप्शनने हे थोडं सावरतं, पण खरा इलाज फोटोंमध्येच पार्श्वभूमी आणि माणसं बदलण्याचा.

kohya ची sd-scripts ही अडॅप्टर शिकवणारी साधनं वापरली तर महत्त्वाच्या सेटिंग एवढ्याच:

```
--network_module=networks.lora
--network_dim=16
--network_alpha=8
--learning_rate=1e-4
--network_train_unet_only
```

फोटो आडवे उलटवणारा `--flip_aug` लावायचा नाही. कोटाची पट्टी डावीकडून उजवीकडे जाते. निम्मे फोटो उलटले तर मॉडेलला दोन्ही बाजू बरोबर वाटतात आणि पट्टी मनाला येईल तशी फिरते. प्रत्येक फोटो फेरीत 10 वेळा, एका वेळी 2 फोटो, 8 फेऱ्या: म्हणजे 960 पायऱ्या. दर फेरीनंतर एक फाइल जपायची आणि कोणती चांगली ते शेवटी ठरवायचं.

निवड नजरेच्या अंदाजावर सोडू नये. सीड आणि चार प्रॉम्प्ट कायम ठेवून आठही फाइलींची चित्रं अडॅप्टरच्या 0.6, 0.8 आणि 1.0 या ताकदींवर काढून शेजारी मांडावीत. चारपैकी एका प्रॉम्प्टमध्ये संग्रहात नसलेला कपडा मागावा, उदाहरणार्थ `nilkvz hat`. टोपीवर धावदोरा आला तर रूप शिकलं, टोपीऐवजी कोट आला तर फोटो पाठ झाले. दुसऱ्या प्रॉम्प्टमध्ये `nilkvz` मुळीच नको, फक्त साधा लाल टी-शर्ट. त्यावर तांब्याची बटणं उगवली तर रूप सगळीकडे झिरपलं आहे, आधीच्या फेरीची फाइल घ्यावी. अती शिकल्याची आणखी एक खूण म्हणजे बसलेली व्यक्ती मागितली तरी उभीच येते, कारण बहुतेक फोटोंत ती उभी होती.

इतकं करूनही बटणं पाचाची सहा होतात. हा दोष अडॅप्टरचा कमी आणि मूळ मॉडेलचा जास्त आहे, त्याला मोजणं धड जमत नाही. तिथे बटणपट्टीवर मास्क घालून तेवढाच भाग पुन्हा काढावा लागतो. ‘एका फोटोत तुमचा ड्रेस हुबेहूब’ अशा जाहिराती पाहताना बटणं मोजावीत.

फक्त मागचा देखावा बदलायचा असेल, तर अडॅप्टरची गरजच नाही. कपडा मास्कने झाकून बाकीचा भाग नव्याने काढावा आणि नव्या चित्रावर मूळ फोटोतला कपडा जसाच्या तसा परत चिकटवावा. हे चिकटवणं टाळू नये, कारण झाकलेला भागही 8 × 8 च्या घरांत आखडून परत उलगडतो आणि त्यात टाके झिजतात. सुधारलेल्या चित्रावर पुन्हा सुधारणा केली की झीज साठत जाते, म्हणून दर वेळी मूळ फोटोपासून निघावं. अडॅप्टर लागतो तो कपडा नव्याने काढावा लागतो तेव्हाच: बैठक बदलली, हात वर गेला, वाऱ्याने घेर उडाला. अशा वेळी मूळ फोटो किती बदलायचा हे ठरवणारी बदलाची ताकद 0.3 ठेवली तर हात जागचा हलत नाही. 0.6 च्या पुढे हात वर जातो, पण मूळ कोट जवळपास पुसला जातो, आणि बाहीवरचा धावदोरा तिथे अडॅप्टरच परत आणतो.