गोळ्या सोडणाऱ्यांनाही मोजायचं

समजा, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या, गरोदर नसलेल्या 200 ॲनिमियाग्रस्त महिलांवर लोहाच्या नव्या गोळीची चाचणी आहे. सोडतीने 100 जणींना नवी गोळी, 100 जणींना जुनी. 12 आठवड्यांनी हिमोग्लोबिन 12 किंवा त्याहून जास्त झालं, तर ती महिला बरी झाली असं धरायचं.

नव्या गोळीने पोटात मळमळतं म्हणून 30 जणी ती सोडतात. त्यांतल्या 6 बऱ्या होतात, उरलेल्या 70 पैकी 49. जुनी गोळी फक्त 10 जणी सोडतात आणि त्यांतली 1 बरी होते, उरलेल्या 90 पैकी 54. गोळ्या नीट घेणाऱ्याच मोजल्या तर नवी 70 टक्के, जुनी 60. सगळ्या मोजल्या तर दोन्हीकडे 55. गावात वाटायची तीच गोळी आणि मळमळणारी पोटंही तीच, त्यामुळे खरा आकडा 55 चा.

पहिली मोजणी म्हणजे पर प्रोटोकॉल, दुसरी इंटेन्शन टू ट्रीट. पहिलीत खोट अशी की सोडतीने गट सारखे केलेले असतात आणि गोळी सोडणाऱ्यांना वगळलं की ते सारखेपण मोडतं. नेमाने औषध घेणारा माणूस मुळातच वेगळा असतो. अमेरिकेतल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या हृदयविकाराच्या औषधांवरच्या चाचणीच्या 1980 सालच्या निष्कर्षांत हे लख्ख दिसतं. औषधच नसलेल्या नकली कॅप्सूल नेमाने घेणाऱ्यांपैकी 5 वर्षांत सुमारे 15 टक्के दगावले, टाळाटाळ करणाऱ्यांपैकी सुमारे 28 टक्के.

म्हणून प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात, मुख्य विश्लेषणाचं वाक्य निःसंदिग्ध लिहावं: ‘सोडतीत आलेली प्रत्येक महिला, तिने गोळी घेतली असो वा नसो, तिला मिळालेल्या गटातच मोजली जाईल.’ पर प्रोटोकॉल गटाची व्याख्या ‘गोळ्या नीट घेतलेल्या’ अशी मोघम ठेवू नये. रोज एक याप्रमाणे 84 गोळ्या होतात. त्यांपैकी किमान 68 घेतलेल्या, म्हणजे 80 टक्क्यांहून थोड्या जास्त, शेवटची रक्ततपासणी ठरल्या दिवसाच्या आगेमागे 7 दिवसांत झालेली आणि पात्रतेच्या अटी न मोडलेली महिला, असं लिहावं. कोण या गटात बसतं याची यादी, कुणाला कोणती गोळी मिळाली हे उघड होण्याआधीच कायम करायची. नंतर केली, तर हवा तो निकाल येईपर्यंत नावं गाळण्याचा मोह होतो.

आपल्याकडची खरी अडचण दिवाळीच्या सुमारास येते. टोळी कारखान्यावर जाते आणि बाराव्या आठवड्याचं रक्त राहून जातं. अशी महिला यादीतून काढली, तर नाव इंटेन्शन टू ट्रीटचं राहतं आणि मोजणी मात्र उरलेल्यांची होते. मुकादमाचा नंबर आधीच घेऊन तळावर जाऊन रक्त घ्यायची सोय करावी. तरीही न मिळालेले आकडे कोणत्या पद्धतीने भरणार हे आधी लिहावं. शिवाय न सापडलेल्या सगळ्या महिला बऱ्या झाल्या नाहीत असं धरून गणित पुन्हा करून पाहणार, हेही नमूद करावं.

नवी गोळी जुनीपेक्षा वाईट नाही एवढंच दाखवायचं असेल, तर मात्र एकट्या इंटेन्शन टू ट्रीटवर विसंबू नये. दोन्ही गटांत गोळ्या सुटल्या की फरक पुसट होतो आणि कमअस्सल गोळीही बरोबरीची दिसते. तिथे दोन्ही मोजण्यांचा निकाल एकच यायला हवा, ही अट प्रोटोकॉलमध्येच घालावी.