जाड पान म्हणजे रसाळ पान नव्हे: रबर प्लँट की पेपरोमिया?

भेट म्हणून आलेल्या कुंडीवर बहुधा नाव नसतं. असलंच तर ‘इनडोअर प्लँट’ एवढंच. मग कुणीतरी पान चिमटीत धरतं, ते जाड लागतं आणि लगेच निकाल दिला जातो: सक्युलंट आहे, पाणी कमी घाला. या एका वाक्यापायी किती रबर प्लँट तहानेने खालची पानं गाळत बसतात! आणि उलट बाजूने, पान रबर प्लँटसारखं दिसतं म्हणून मोठ्या कुंडीत लावलेले आणि मुळं कुजून गेलेले पेपरोमियाही तेवढेच.

रबर प्लँट बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. वड-पिंपळाच्या कुळातलं झाड, एकच खोड सरळ वर जाणारं, पुढे लाकडासारखं कडक होणारं. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकली की भरपूर पाणी, खिडकीजवळचा चांगला उजेड आणि वाढत्या मुळांना जागा, एवढं त्याला पुरतं.

पेपरोमिया मिरी आणि नागवेलीच्या कुळातला. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. गोंधळ घालणारी जात म्हणजे पेपरोमिया ऑब्ट्युसिफोलिया. तिला बाजारात ‘बेबी रबर प्लँट’ म्हणतात, आणि ते नाव मला मुळीच आवडत नाही, कारण ती मोठी होऊन रबर प्लँट होत नाही. साधारण 25-30 सेंटिमीटरवर तिची उंची थांबते आणि मग ती बाजूला पसरते. जंगलात ती सावलीतल्या पालापाचोळ्यात किंवा झाडांच्या सालीवर वाढते. त्यामुळे मुळं बारीक आणि थोडी असतात, आणि पाण्याची तजवीज पानात असते.

आता खरा मुद्दा. दोघांचीही पानं जाड, चकचकीत, अंडाकृती. पण जाडीचं कारण वेगळं आहे. पेपरोमियाच्या पानात वरच्या सालीखाली पाणी साठवणाऱ्या रंगहीन पेशींचे थर असतात. झाडाला पाणी मिळेनासं झालं की हिरवा भाग त्या थरांतून पाणी ओढतो, थर आक्रसतात, आणि पान पातळ आणि लवचिक होतं. रबर प्लँटचं पान मात्र चिवट आहे. त्याची जाडी मुख्यतः कडक उती आणि मेणचट सालीची आहे. ती पाणी बाहेर जाऊ देत नाही, पण दुष्काळात झाडाला पुरेल असा साठा तिच्यात नसतो.

यातून सांभाळायच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती निघतात. पेपरोमियाचं पानच तुम्हाला पाणी कधी घालायचं ते सांगतं. मधल्या वयाचं एक पान बोटांत हलकेच वाकवा. ताठ असेल, मोडेलसं वाटेल, तर थांबा. सहज वाकलं तर पाणी द्या. रबर प्लँटच्या पानाला हे विचारण्यात अर्थ नाही. माती कोरडी पडू लागली तरी ते आधी होतं तितकंच कडक लागतं, आणि जेव्हा मान टाकतं किंवा खालची पानं गळू लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. तिथे बोट मातीतच घालायला हवं.

पेपरोमियाचं पान वाचताना एक काळजी घ्या. मुळं कुजली तरी पान मऊच पडतं, कारण कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पान मऊ लागलं की कुंडी उचलून बघा. कुंडी हलकी आणि माती कोरडी असेल तर तहान आहे. कुंडी जड, माती ओली आणि खोडाचा बुडखा काळपट, पिचपिचीत असेल तर मुळं गेली. मग पाणी बंद करून वरचे निरोगी शेंडे कापून नव्याने लावा. ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा सल्ला मला सहन होत नाही तो यासाठीच: त्यात पानही बघायचं नसतं आणि कुंडीही उचलायची नसते.

एक उदाहरण घेऊ. शोभेच्या भांड्यात ठेवलेलं, वीतभर उंचीचं, कडेला पिवळट डाग असलेल्या पानांचं रोप. आकारावरून काही ठरवू नका. अंडाकृती पान शेकडो झाडांना असतं, आणि लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात. आधी शेंडा बघा. रबर प्लँटचं नवं पान टोकदार, बहुधा लालसर आवरणात गुंडाळलेलं असतं, आणि ते आवरण गळल्यावर खोडावर गोल वळ्यासारखी खूण उरते. आपल्या रोपाला ना आवरण, ना वळी. मग सगळ्यांत खालचं एक पान देठापासून तोडा. पांढरा चीक आला असता तर रबर प्लँट. तो चीक त्वचेला त्रास देतो, म्हणून हात धुवावे लागले असते. इथे देठ कट्‌कन मोडला आणि पाण्यासारखा रस आला. तेच पान ब्लेडने आडवं कापून उजेडासमोर धरा. वर पारदर्शक थर आणि त्याखाली हिरवी रेघ दिसते. हा पाण्याचा साठा. शेवटी वाढीची ढब: बुडापासून तीन-चार रसरशीत खोडं, त्यांतली दोन आतापासूनच कलंडलेली. हा पेपरोमिया.

पण साठा आहे म्हणून उन्हात ठेवू नका. पानातला साठा पाण्याबद्दल सांगतो, उन्हाबद्दल नाही. जेड प्लँटही रसाळ, पण त्याला थेट ऊन चालतं, किंबहुना हवं असतं. पेपरोमियाला दुपारचं ऊन लागलं की पानं फिकी पडतात, करपतात. दोघांत फरक करणं सोपं आहे: जेडची पानं समोरासमोर जोडीने आणि जवळजवळ बिनदेठाची, या पेपरोमियाची एकाआड एक आणि देठ असलेली.

उजेड पुरतो का, हे पानाच्या जाडीवरून कळत नाही, वाढीवरून कळतं. तेही आलेल्या रोपावरून नाही, कारण ती वाढ नर्सरीतल्या उजेडातली आहे. तुमच्याकडे आल्यानंतर फुटलेली तीन-चार पानं बघा. दोन पानांमधलं अंतर जुन्या पानांपेक्षा लांबलं आणि नवी पानं लहान येऊ लागली, तर रोप खिडकीकडे सरकवा. डागांच्या जातीत नव्या पानांवरचा पिवळा भाग कमी होत गेला, तर तीही बहुधा उजेड कमी पडल्याची खूण.

कुंडी बदलायची घाई फक्त एका कारणासाठी करा: शोभेच्या भांड्याला खाली भोक नसेल तर. अशी भांडी देणाऱ्यांचा मला राग येतो. पेपरोमिया असेल तर मुळांच्या गोळ्यापेक्षा बोटभरच मोठी कुंडी आणि अर्धं कोकोपीट, अर्धं पर्लाइट किंवा सालीचे तुकडे. मोठ्या कुंडीतली माती थोड्या मुळांना शोषून संपवता येत नाही, ती ओलीच राहते. रबर प्लँट निघाला तर मिश्रणात थोडी मातीही असू द्या, आणि पुढच्या वर्षी मुळं भोकातून बाहेर आली की कुंडी एक माप वाढवा.